अरे, तुला नाही ओळखणार!

१२ जानेवारी २०२५, रविवार

चर्चमधली उपासना आटोपून जोएलकडे जेवायला गेलो. त्याच्या मुलीला, कृपाला बघायला मिरजगावचे पाहुणे येणार होते. जोएल माझा जुना विद्यार्थी, आता साखर कारखान्यात फिटर आहे, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. "सर, तुमी बसल्याबिगर आमचं काय पुढं सरकत न्हाई," म्हणून त्याने मला दारासमोरच्या पहिल्याच खुर्चीत बसवलं. मलाही ते आवडतं, खोटं कशाला लिहू.

गाडीतून चौघं उतरली. मुलगा नोहा, त्याची आई, एक पोक्त मावशी आणि मुलाचा बाप. बाप पन्नाशीच्या आतबाहेरचा, पांढरा सदरा, दाढी घोटलेली. तो कोणाकडे न बघता सरळ माझ्याकडे आला, वाकून पायाला हात लावला आणि उभा राहून डोळ्याला डोळा भिडवत म्हणाला, "सर, ओळखलं का?"

नव्हतं ओळखलं. डोक्यात काही म्हणजे काही हललं नाही. पण अंगणात दहा-बारा माणसं उभी होती, आणि आमच्या देवळाली प्रवरात सगळे म्हणतात की भिंगारदिवे सर एकदा हजेरी घेतली की जन्मात नाव विसरत नाहीत. त्याला मिठी मारली आणि तोंडातून आपोआप गेलं, "अरे, तुला नाही ओळखणार तर कोणाला!"

अंगणात हसू फुटलं. जोएलचा चेहरा असा सैल झाला की मलाच बरं वाटलं. तिकडे मिरजगावला, कर्जत तालुक्यात, विचारपूस करायला त्याचं कोणी नाही, म्हणून आठवडाभर तो धास्तावला होता.

मग मी माझ्या नेहमीच्या वाटेने नाव शोधायला लागलो. छत्तीस वर्षं मास्तरकी केली म्हणजे ही विद्या येतेच. पहिलं, समोरच्याचे दोन्ही हात हातात घ्यायचे आणि 'किती दिवसांनी!' म्हणायचं, तेवढ्यात चेहरा नीट बघून होतो. नावाचा अंदाज कधीही ठोकायचा नाही, चुकला तर माणूस दोनदा दुखावतो. वडील कसे आहेत हे विचारायचं नाही, ते गेलेले असतात. सगळ्यात अवघड म्हणजे 'तू' की 'तुम्ही'. विद्यार्थी असेल तर 'तू', पालक असेल तर 'तुम्ही', आणि चुकीचं निघालं की झाकली मूठ उघडी. मी तर पहिल्याच वाक्यात 'तुला' म्हणून बसलो होतो. म्हणून पुढे दोन्ही टाळून बोललो. "सध्या मुक्काम कुठं? येताना त्रास नाही ना झाला? बाकीची मंडळी भेटतात का?" या शेवटच्या प्रश्नाला माणूस हमखास जोडीदारांची नावं घेतो, त्यावरून बॅच कळते आणि बॅचवरून नाव.

तो म्हणाला, "भेटत्यात की, सर. समदे तुमचीच आठवण काढत्यात."

एकही नाव नाही. मग मी एंजेलाला पुढे केलं. हे आमचं चाळीस वर्षांचं ठरलेलं आहे. मी म्हणतो 'ही आमची एंजेला' आणि गप्प बसतो. ती हात जोडून म्हणते 'सलाम, आपण?' आणि समोरचा आपलं नाव सांगतो. आजही ती म्हणाली. तो म्हणाला, "बाई, मी सरांचं लेकरू." सगळे पुन्हा हसले.

शेवटचा उपाय मोबाईलचा. मी फोन त्याच्या हातात दिला, म्हटलं चष्मा घरी राहिलाय, नंबर टाक आणि नावही तूच टाक. त्याने टाकलं. घरी येऊन पाहिलं तर नावाच्या जागी 'मिरजगाव पाहुणे'.

१३ जानेवारी

सकाळपासून जुने ग्रुप फोटो काढून बसलो आहे. पन्नाशीतल्या तोंडावरून चौदा वर्षांचं तोंड काढायचं म्हणजे भाजी बघून बी ओळखण्यासारखं. कान बदलत नाहीत म्हणतात. कान बघत बसलो.

एंजेला भाकरी थापता थापता म्हणाली, "आठवत नाही ना?"

"आठवेल."

"पहिल्या श्वासात विचारायचं असतं. 'बाबा रे, चेहरा ओळखीचा वाटतो, नाव सांग, म्हातारा झालो.' माणूस हसतो, सांगतो, विषय संपतो. दोन वाक्यं झाल्यावर विचारलं की त्याला लागतं आणि जेवण झाल्यावर विचारलं की तो अपमान होतो. तुम्ही तर कुशीत घेऊन मोकळे झालात."

तिचं खरं आहे, पण तिला शाळा चालवावी लागली नाही. ती पुढे म्हणाली ते मात्र टोचलं. "चांगला माणूस भेटला की स्वतःच नाव सांगतो. 'सर, मी अमका, अमक्या सालचा.' समोरच्याला कोड्यात टाकत नाही. 'ओळखलं का' म्हणून गंमत बघत उभा राहणारा मला आवडत नाही."

मी म्हटलं, खेड्यात अशीच पद्धत आहे. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

१६ जानेवारी

संध्याकाळी जोएल आला. खुर्ची देऊनही पायरीवरच बसला. पाहुण्यांना मुलगी पसंत आहे. मुलगा खासगी कंपनीत सुपरवायझर, घर बांधलेलं, मंडळीत नाव आहे म्हणे.

"सर, मी रविवारी मिरजगावला जानार हुतो," तो म्हणाला. "तिथल्या देवळात उपासनेला बसायचं, चार मानसांना इचारायचं. पर आता कशाला? तुमी वळखता म्हनल्यावर इषय संपला. तुमीच सांगा ना सर, मानसं कशी हायत?"

इथे मला बोलता आलं असतं. आता शांतपणे बसून लिहिताना ते स्पष्ट दिसतं. 'जोएल, मला तो आठवत नाही, तू जाऊन ये' एवढंच म्हणायचं होतं. पण पायरीवरून वर बघणारा त्याचा चेहरा, आणि रविवारी दहा जणांसमोर मारलेली मिठी. म्हटलं, "माझ्या हाताखालचा आहे. घराणं चांगलंच असणार."

'असणार' म्हणालो. 'आहे' म्हणालो नाही. जोएलला फरक कळला की नाही कोण जाणे. त्याने माझा हात धरून डोळ्याला लावला आणि गेला.

२० जानेवारी

'मिरजगाव पाहुणे' यांना फोन लावला. निमित्त काढलं की शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा घ्यायचा आहे, यादी करतोय. पूर्ण नाव आणि बॅच सांग.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सर, तुमाला यादी लागती? तुमची तर समदी पोरं तोंडपाठ." मग म्हणाला, "टाका, तुमाला ठाऊक हाय तसंच टाका."

मी फोन ठेवला. थट्टाच करत असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

ईस्टरआधीचा उपासकाळ पाच मार्चला सुरू होतो, म्हणून त्याच्या आत लग्न उरकायचं ठरलं आहे. २२ तारीख. आज देवळात पहिली विवाहघोषणा झाली. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कोणाची योग्य हरकत असेल तर त्याने कळवावी. मग जरा थांबतात. त्या थांबण्यात कोणी खोकतसुद्धा नाही.

जोएलला विचारायची सोय नव्हती, आणि असं बसल्या बसल्या मला नाव मिळालं. "मिरजगाव येथील गोरक्ष साळवे यांचे चिरंजीव नोहा." मी चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींच्या बाकावर पहिल्या ओळीत होतो. गोरक्ष साळवे. तीन आठवडे ज्याच्या मागे होतो ते नाव हातात आलं, आणि तरीही काहीच आठवेना. मला वाटायचं नाव मिळालं की माणूस मिळतो.

४ फेब्रुवारी

शाळेत गेलो. कारभारी अजून तिथेच क्लार्क आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. जनरल रजिस्टर बघायचं म्हटल्यावर त्याने कपाट उघडलं, धूळ झटकली आणि चहा मागवला. दाखल्याच्या क्रमाने एक एक पान बघत दोन तास गेले. १९९१ मध्ये सापडला. साळवे गोरक्ष लक्ष्मण, इयत्ता आठवी ब, दाखल जून, शाळा सोडली सप्टेंबर. कारण: स्थलांतर. वर्गशिक्षक: य. भिंगारदिवे. सही माझीच, त्या काळातली, लपेटदार.

"ह्यो कोन, सर?" कारभारीने विचारलं.

"माझा विद्यार्थी."

"तीन म्हयन्यांचा?"

तीन महिने का असेना, विद्यार्थी होता. म्हणजे मी खोटं बोललो नाही. घरी येताना पाय हलके झाले होते. चौकातून अर्धा किलो पेरू घेतले. एंजेलाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तो तुम्हाला ओळखतो. तुम्ही त्याला ओळखता हे कुठे निघालं यातून?" बायकोला तर्कशास्त्र शिकवायला जाऊ नये, ते तिला आधीच येत असतं.

१० फेब्रुवारी

काल दुसरी घोषणा झाली. आज दुपारी कृपा आली. तेवीस वर्षांची आहे, संगमनेरला शिकली, इथल्या बालवाडीत शिकवते. लहानपणापासून मला आजोबा म्हणते. एंजेला दळण आणायला गेली होती. कृपाने मोबाईल माझ्यासमोर धरला. काल संध्याकाळी ती गायनाच्या सरावाला बसली होती, तेवढ्या वेळात नोहाचे एकतीस फोन. शेवटी एक मेसेज: कुठं मेली होती.

"आजोबा, साखरपुड्याच्या दिवशी किती गोड बोलत होता. मी बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, सरांनी सांगितलंय, माणसं चांगली आहेत, पोरगा जरा गरम असेल. तुम्ही त्यांना नीट ओळखता ना?"

मला रजिस्टरमधली माझी सही आठवली. "ओळखतो," म्हटलं. "तरुण मुलं उतावीळ असतात. काळजीपोटी करतो."

 "काळजीपोटी मेली म्हणतात?" असं काहीतरी पुटपुटली, मग हसली आणि चहाचे कप धुऊन ठेवून गेली. तिचं मन हलकं झालं असावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिसरी आणि शेवटची घोषणा. पाळकसाहेब थांबले. मी गुडघ्यांकडे बघत होतो. बायकांच्या बाजूने एंजेला माझ्याकडे बघते आहे हे मान न वळवता कळत होतं. चाळीस वर्षांत ते कळायला लागतं. उठून उभं राहायचं आणि काय म्हणायचं? 'मला वराचा बाप आठवत नाही'? ही काय हरकत झाली? सगळं देऊळ हसलं असतं.

पाळकसाहेबांनी पान उलटलं आणि गीत सुरू झालं.

घरी येताना एंजेला म्हणाली, "नाव न आठवणं पाप नाही. आठवतंय म्हणून सांगणं मात्र महागात पडेल."

"आता गप्प बस," मी म्हटलं. असं मी तिला क्वचित म्हणतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लग्न झालं. मला माईकवर आशीर्वाद द्यायला लावलं. "माझा लाडका विद्यार्थी गोरक्ष," असं म्हणालो. आता नाव माहीत होतं ना. गोरक्ष खाली मान घालून हसत होता. जेवण उत्तम, गर्दी बेसुमार. निघताना कृपा गळ्यात पडून रडली ती लवकर सोडेना. सगळ्याच मुली रडतात.

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

कृपा ईस्टरच्या सणाला आली आहे. ऊन चाळीसच्या वर आणि हिने मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घातलेला. सलाम म्हणाली, पण आजोबा म्हणाली नाही. गायनात तिची जागा ठेवली होती, घसा बसलाय म्हणून मागे बसली. नोहा बाहेर गाडीत एसी लावून बसला होता, देवळात आला नाही. एंजेलाने तिला आत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. बाहेर आली तेव्हा एंजेलाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"काय म्हणाली?"

"तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याला विचारा."

मग तिने सांगितलं. नोहा तिला मारतो. सासरा बघत बसतो, कधी दार लावून घेतो. आणखी एक गोष्ट. याआधी एक मुलगी होती त्या घरात, रेश्मा नावाची. पाच महिन्यांत माहेरी पळून गेली. लग्न कोर्टात झालेलं, देवळात नोंद नाही, म्हणून घोषणेच्या वेळी कोणाला कळलं नाही. मिरजगावात मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या देवळात एक रविवार बसून चार माणसांना विचारलं असतं, तर कोणीही सांगितलं असतं.

मी विचारलं, "जोएलला सांगितलं तिने?"

"सांगितलं. तो म्हणाला, सर उगाच कशाला सांगतील? तुझंच कुठंतरी चुकत असेल, जमवून घे."

संध्याकाळी ती त्याच गाडीतून परत गेली. मी दारातून हात हलवला. मग बराच वेळ तिथेच उभा होतो. जोएलकडे जायला हवं होतं, फक्त सात पावलं. उद्या जाईन.

२२ एप्रिल

गेलो नाही. नवीन संसाराला वेळ द्यावा लागतो.

३ मे

आज निघालो होतो. जोएल दारात सायकलची चेन चढवत बसला होता. "या सर," म्हणाला आणि आत ओरडला, "सर आल्यात, चहा टाक!" त्या आवाजात एवढा आनंद होता की मी पाऊसपाण्याचं बोललो आणि चहा पिऊन आलो.

८ जुलै

कृपा काल परत आली. स्वतःच निघाली, एकटी, एसटीने, हातात एक पिशवी. डाव्या कानावर थप्पड बसली होती, पडदा फाटला. घरातून बाहेर पडू देईनात, तीन आठवडे तसाच ठेवला, पू झाला. आज जोएल तिला नगरला दवाखान्यात घेऊन गेला, तिथे ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, त्या कानाने आता नीट ऐकू येणार नाही.

हे लिहिताना तारीख दोनदा चुकली. वय झालं.

१० जुलै

दवाखान्यात गेलो. एंजेला म्हणाली, मी येणार नाही, तुम्ही एकटे जा. खाटेशेजारी स्टूल होतं. कृपाच्या कानावर पट्टी, तोंड उतरलेलं. मी मोसंबी ठेवली. खिशातला रुमाल काढला, परत ठेवला. मग बोललो. एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. गोरक्ष मला आठवत नव्हता, आजही आठवत नाही, त्या दिवशी अंगणात दहा माणसांसमोर नाही म्हणायची लाज वाटली, नंतर रोज थोडी जास्त वाटत गेली. रजिस्टरमध्ये तीन महिन्यांचं नाव बघून मी स्वतःची समजूत घातली. तू मोबाईल दाखवलास तेव्हाही खोटं बोललो.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जा म्हणेल. ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांना सांगितलंत?"

"नाही."

"रविवारी पाळकसाहेबांकडे बैठक आहे. समेटाची. सासरे येणार आहेत. परवापासून बाबा संध्याकाळी इथे बसतात आणि मला एकच सांगतात. 'सर त्या माणसाला लहानपणापासून ओळखतात. सर खोटं बोलणार नाहीत. म्हणजे तूच उलटून बोलत असशील.' कान फाटल्यावरसुद्धा, आजोबा." ती माझ्याकडे वळली. "मला तुमची माफी नको. रविवारी या आणि हे त्यांच्यासमोर म्हणा. नाहीतर मला परत पाठवतील."

मी हो म्हटलं. नर्सने वेळ संपली सांगितलं तेव्हा सुटलो असं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

१३ जुलै, रविवार

जमेल तसं सगळं लिहून ठेवतो.

बैठक पाळकसाहेबांच्या घरी दुपारी दोनला होती. मी वीस मिनिटं आधी गेलो. फाटकाशी गोरक्ष उभा होता. तोच पांढरा सदरा. "सलाम, सर," म्हणाला आणि पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. आजवर कोणाच्या नमस्काराला पाय मागे घेतले नव्हते.

तो उभा राहिला, जरा हसला. "मग? आता तरी वळखलं का?"

"नाही," मी म्हटलं. "त्या दिवशीही ओळखलं नव्हतं."

"ते मला तवाच कळलं हुतं, सर." तो जवळ आला, आवाज खाली आणला. "तुमच्या डोळ्यात कायबी न्हवतं. पर मला म्हाईत हुतं तुमी न्हाई म्हननार न्हाई. वर्गात गनित अडलं की तुमी फळा पुसायचा आन् म्हनायचा, हे उद्या बघू. येक डाव बी म्हनला न्हाई का मला येत न्हाई. तीन म्हयने हुतो तुमच्या वर्गात, तेवढं शिकलो." मग म्हणाला, "म्हनून तर मी माझं नाव घेतलं न्हाई. नाव घेतलं असतं तर तुमी म्हनला असता, कोन गोरक्ष? आता आत जाऊन न्हाई म्हना. गाव इचारंल, मग आशीर्वाद कुनाला दिला? तुमचीच अब्रू जाईल."

मला त्याचा राग यायला हवा होता. राग आला नाही. फक्त वाटलं, या माणसाने मला चौदाव्या वर्षी ओळखलं होतं, आणि मी त्याला कधीच नाही.

आत सगळे बसले होते. पाळकसाहेब, जोएल, त्याची बायको, वडीलमंडळींतले दोघं. कृपा भिंतीला टेकून. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि क्षमा, संसार, सहनशीलता यावर बोलले. जोएल मान डोलवत होता. मग तो म्हणाला, "माझं म्हननं येवढंच हाय. मानसं चांगली हायत ह्ये आमच्या सरांनी सांगितलंय. पोरगी नादावली आसंल. चार दिस हितं ऱ्हावू द्या, मग मी सोता सोडून येतो."

मी उभा राहिलो. पाळकसाहेब म्हणाले, बसून बोला सर. मी उभाच राहिलो, बसलो असतो तर गप्प बसलो असतो.

म्हटलं, "मी या माणसाला ओळखत नाही. तो माझ्यासमोर आला तेव्हा मला त्याचं नाव आठवलं नाही. मी ओळखलं म्हणून खोटं बोललो. त्याच्या घराविषयी मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. आज माहीत आहे, कृपाच्या आधी त्या घरातून एक मुलगी पळाली आहे. कृपा सांगते ते खरं आहे. हिला परत पाठवू नका."

  गोरक्ष म्हणाला, "सरांचं वय झालंय, इसरत्यात." त्यावर कृपाची आई पहिल्यांदा बोलली, "तुमी गप बसा." ती कधीच एवढ्या मोठ्याने बोलत नाही.

जोएल माझ्याकडे बघत होता. पायरीवर बसून बघायचा तसाच, खालून वर. "आसं कसं, सर," तो म्हणाला. "मी तुमाला घरी येऊन इचारलं हुतं. मी मिरजगावला जानार हुतो. का सांगितलं तुमी?"

"लाज वाटली, जोएल. दहा माणसांसमोर."

"लाज." त्याने तो शब्द दोनदा म्हटला. मग उठला, कृपाच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "चल बाय, घरी." दारापर्यंत गेला आणि न वळता म्हणाला, "सर, माझ्या पोरीचा कान गेला." एवढंच. ओरडला नाही.

कृपा परत जाणार नाही. उद्या जोएल आणि तिची आई तिला घेऊन पोलिसात जाणार आहेत, हे एंजेलाने भिंतीपलीकडून ऐकलं. मला कोणी सांगितलं नाही.

२७ जुलै, रविवार

देवळात वडीलमंडळींच्या बाकावर माझ्या शेजारी आज कोणी बसलं नाही. पुढच्या रविवारपासून मी मागे बसेन. जोएल समोरून गेला. मी सलाम म्हटलं. त्याने मान हलवली, जशी रस्त्यात अनोळखी माणसाला वाट देताना हलवतात.

३१ जुलै

सकाळी फाटकाशी उभा होतो. कृपा बालवाडीत जायला निघाली, पुन्हा रुजू झाली आहे. मी तिच्या डाव्या हाताला होतो. "सलाम, कृपा," म्हटलं. ती थांबली नाही, मान वळवली नाही, पुढे चालत राहिली. तो कान गेलेलाच आहे, तिला ऐकू आलं नसणार. उजव्या बाजूला जाऊन पुन्हा म्हणायला हवं होतं, पण तोवर ती दहा पावलं पुढे गेली होती.

त्याच बाजूने मागून दूधवाल्याने नुसती घंटी वाजवली तशी ती पटकन रस्त्याच्या कडेला झाली. घंटीचा आवाज बारीक असला तरी टोकदार असतो, तो ऐकू जात असेल.